बारा भेटींचे पैसे, आठच सफाया

महिना-दोन महिन्यांनी सफाईवाल्यांना बोलवायचं, दर वेळी भाव विचारायचा, वेळ ठरवायची, हे नको म्हणून शहरांतल्या घरांनी आता पॅकेजची वाट धरली आहे. सहा महिन्यांत बारा भेटी, महिन्याला इतके किलो धुलाई, पैसे आधी, काम नंतर. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत सवलत असते: सुट्या भेटीपेक्षा वीस टक्के स्वस्त. ही सवलत खोटी नसते. मात्र ती मिळणार की नाही हे जाहिरातीतल्या आकड्यावर ठरत नाही. ते ठरतं खाली बारीक अक्षरांत लिहिलेल्या तीन-चार वाक्यांवर. भेट ‘वापरली’ असं कधी धरायचं, तारीख किती आधी बदलता येते, आणि उरलेल्या भेटींचं पुढे काय होतं?

हे नीट कळण्यासाठी एका घराचा सहा महिन्यांचा हिशेब मांडून पाहू. घर कल्पित आहे, पण नियम बाजारात सर्रास दिसतात तसेच आहेत.

समजा, पुण्यात कोथरूडला एका टू-बीएचके फ्लॅटमध्ये चौघांचं कुटुंब राहतं. नवरा-बायको दोघंही नोकरीला. रोजच्या केर-फरशीला मावशी येतात. जाळ्या, पंखे, बाथरूमच्या फरशीवरचा पांढरा थर, ओट्यामागचं तेलकट हे त्यांच्या कामात नाही. त्यासाठी हे कुटुंब १ एप्रिलला बारा भेटींचं पॅकेज घेतं. सुटी भेट १,००० रुपये, पॅकेजमध्ये ८०० रुपये. बारा भेटींचे ९,६०० आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी १,७२८, म्हणजे एकूण ११,३२८ रुपये. मुदत सहा महिने, ३० सप्टेंबरपर्यंत. दर पंधरवड्याला एक भेट, तीही शनिवारी सकाळी, कारण इतर दिवशी घरी कोणी नसतं.

पहिली गोष्ट एप्रिलमध्येच घडते. शनिवार सकाळचा पहिला मोकळा स्लॉट १२ तारखेचा मिळतो. मुदत मात्र पैसे भरले त्या दिवसापासून मोजायला सुरुवात झालेली आहे. १२ एप्रिलपासून दर पंधरा दिवसांनी मोजत गेलं तर ३० सप्टेंबरपर्यंत तेरा शनिवार हाती येतात. भेटी बारा, शनिवार तेरा. म्हणजे सहा महिन्यांत एकच शनिवार चुकला तर चालेल अशी ही रचना आहे. मराठी घराचं वर्ष माहीत असलेला कोणीही इथेच हसेल.

मे महिन्यात मुलांना सुट्टी, गावी जाणं ठरलेलंच. दोन शनिवार गेले. कुटुंबाने आधी कळवलं, त्यामुळे त्या भेटी बुडाल्या नाहीत, नुसत्या पुढे सरकल्या. जूनमध्ये एका शनिवारी सकाळी धाकटीला ताप भरला. सात वाजता भेट रद्द केली, टीम नऊला येणार होती. नियम चोवीस तासांचा होता, त्यामुळे ती भेट वापरली असं धरलं गेलं. जुलैत एकदा मुसळधार पावसात रस्ते तुंबले आणि कंपनीनेच भेट रद्द केली. ती खात्यात परत जमा झाली, पण मुदत एका दिवसानेही वाढली नाही. गणपतीत कोकणात जाताना आणखी एक शनिवार गेला.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांनी ॲप उघडलं तेव्हा आठ भेटी पार पडलेल्या, एक जळालेली आणि तीन शिल्लक होत्या. महिनाअखेरपर्यंतचे सगळे शनिवार भरलेले. कारण उघड आहे: नवरात्राआधी घर झाडून-पुसून घ्यायचं असतं, आणि ते सगळ्यांनाच घ्यायचं असतं. १ ऑक्टोबरला उरलेल्या तीन भेटी खात्यावरून नाहीशा झाल्या.

आता भागाकार करून पाहू. ११,३२८ रुपयांना आठ भेटी, म्हणजे भेटीला १,४१६ रुपये. सुटी भेट करासह १,१८० रुपयांना मिळत होती. वीस टक्के वाचवायला निघालेल्या घराने प्रत्यक्षात वीस टक्के जास्त मोजले. या पॅकेजमध्ये बारापैकी किमान दहा भेटी झाल्या तरच सुट्या दरापेक्षा फायदा होतो. नऊ झाल्या की तोटा सुरू. कोणत्याही पॅकेजचा हा आकडा पैसे भरण्याआधी अर्ध्या मिनिटात काढता येतो. पॅकेजच्या एकूण किमतीला सुट्या भेटीच्या दराने भागायचं आणि येणारा आकडा वरच्या पूर्णांकाला न्यायचा. मग स्वतःला विचारायचं, मुदतीत तेवढ्या भेटी खरंच होतील का?

न वापरलेली भेट कंपनीच्या वहीत कुठे जाते, हे पाहणंही उद्बोधक आहे. आगाऊ घेतलेले पैसे हे काम करेपर्यंत कंपनीचं उत्पन्न नसतं, ते देणं असतं. भारतात मोठ्या कंपन्यांना लागू असलेल्या ‘इंड एएस ११५’ या लेखामानकात अशा न वापरल्या जाणाऱ्या हक्कांसाठी स्वतंत्र तरतूद आहे आणि त्यांना ‘ब्रेकेज’ म्हणतात. काही ग्राहक आपला हक्क पुरता वापरणार नाहीत, असा अंदाज कंपनीला पूर्वानुभवावरून भरवशाने बांधता येत असेल, तर तेवढी रक्कम ग्राहक जसजशा भेटी वापरत जातात त्या प्रमाणात उत्पन्न म्हणून दाखवता येते. यात काहीही बेकायदा नाही. व्यायामशाळेचं वार्षिक शुल्कही याच तत्त्वावर चालतं. पण ग्राहकाला जी चूकभूल वाटते तिचा विक्रेत्याकडे आधीच अंदाज असू शकतो, हे ठाऊक असलेलं बरं.

कंपनीची बाजूही खरी आहे. सकाळी नऊची वेळ दोन माणसांसाठी राखून ठेवली आणि साडेसातला ग्राहकाने नाही म्हटलं, तर ती वेळ दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. शहराची वाहतूक धरता एक टीम दिवसाला दोन-तीन घरंच करू शकते. त्यातलं एक बुडालं तर दिवसाच्या कमाईचा मोठा हिस्सा जातो, आणि अनेक ठिकाणी कामगारांचा मोबदला भेटीवर असल्याने फटका त्यांनाच बसतो. म्हणून चोवीस तासांची अट जाचक म्हणता येणार नाही. ऐनवेळच्या रद्द भेटीचे पैसे आकारणंही समजू शकतं. खटकतो तो एकतर्फीपणा. ग्राहकाने दोन तास आधी कळवलं तर भेट जळते. कंपनीने दोन तास आधी कळवलं तर ‘क्षमस्व’ असा संदेश येतो. आणि मुदतीच्या शेवटी कंपनीकडेच स्लॉट नसतील तर भेटी बुडाल्याचा दोष ग्राहकाच्या माथी कसा?

या एकतर्फीपणाबद्दल कायदा गप्प नाही. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार, खरेदी पक्की झाल्यावर ग्राहकाने ती रद्द केली म्हणून ऑनलाइन विक्रेत्याला शुल्क आकारायचं असेल, तर स्वतः एकतर्फी रद्द केल्यावर तसंच शुल्क त्यानेही सोसलं पाहिजे. ग्राहकाची भेट जळत असेल तर कंपनीने रद्द केलेल्या भेटीचीही काही भरपाई असायला हवी, असा युक्तिवाद या नियमाच्या आधारे नक्कीच करता येतो. भेटींची मुदत किमान किती असावी हे सांगणारा वेगळा कायदा मात्र आपल्याकडे नाही. मुदत करारातून येते, आणि करार म्हणजे तीच बारीक अक्षरं.

म्हणून ‘सहा महिने’ हा आकडा वाचून थांबू नये. मुदत पैसे भरल्यापासून मोजतात की पहिल्या भेटीपासून? मुदत संपण्याआधी भेट बुक झालेली असली तर चालते, की भेट पूर्ण व्हावी लागते? या दोन प्रश्नांच्या उत्तरांत कधीकधी तीन-चार आठवड्यांचा फरक पडतो. कोथरूडच्या घराला पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोयीचं मिळालं असतं तर मुदत १२ ऑक्टोबरच्या आसपास गेली असती. दुसऱ्याचं सोयीचं असतं तर सप्टेंबरमध्येच ऑक्टोबरचे शनिवार बुक करून तिन्ही भेटी वाचल्या असत्या. काही कंपन्या विनंती केल्यावर एकदा मुदत वाढवून देतात. काही जण ‘पॉज’ची सोय देतात, म्हणजे गावी जाताना पॅकेज थांबवून ठेवायचं आणि तेवढे दिवस मुदतीत वाढवून घ्यायचे. अशी सोय असेल तर पाच टक्के कमी सवलतीचं पॅकेजही जास्त सवलतीच्या पॅकेजपेक्षा स्वस्त पडू शकतं.

खरेदीआधीची आणखी एक तपासणी अगदी सोपी असते, तरी ती फारसं कोणी करत नाही. सुटी भेट बुक करायला जायचं, पैसे भरायचे नाहीत, आणि आपल्याला हव्या त्या वाराचे पुढचे तीन-चार आठवडे मोकळे दिसतात का ते पाहायचं. शनिवार-रविवार कायम भरलेले दिसले तर पॅकेज घेऊन ते मोकळे होणार नाहीत.

आता ‘भेट’ या गोष्टीच्या पोटात शिरू. ८०० रुपयांच्या भेटीत नेमकं काय बसतं? दोन माणसं दोन तास आली तर चार मनुष्य-तास झाले. एवढ्या वेळात दोन बाथरूम घासून, ओटा आणि त्यामागच्या टाइल्स पुसून, पंखे आणि जाळ्या काढून, खोल्या झाडून-पुसून होतात. घर आधी बऱ्या स्थितीत असेल तरच. पहिल्या भेटीतच सगळं घर लख्ख होईल ही अपेक्षा ठेवली तर निराशा ठरलेली. म्हणूनच अनेक कंपन्या पहिली ‘डीप क्लीनिंग’ वेगळ्या, जास्त दराने करायला सांगतात. ती पॅकेजमध्ये धरली आहे की वरून मोजायची, हे आधी विचारावं.

कामांच्या यादीत काय आहे यापेक्षा काय नाही हे जास्त लक्षपूर्वक वाचावं लागतं. ‘स्वयंपाकघर’ असं लिहिलेलं असतं, पण त्यात ट्रॉल्यांचा आतला भाग, फ्रीजची आतली बाजू आणि चिमणीची जाळी बहुधा येत नाही. ‘खिडक्या’ म्हणजे काचेची आतली बाजू. बाहेरची बाजू सुरक्षेच्या कारणाने वगळलेली असते, आणि ते योग्यच आहे. भांडी घासणं, कपडे घड्या घालणं, माळ्यावरचं सामान उतरवणं हे सगळं वेगळं. शिडी कोण आणणार, साबण-द्रावणं कोणाची, हेही लिहिलेलं हवं. टीम शिडीशिवाय आली तर पंखे राहतात, आणि भेट मात्र पूर्ण झाली असं ॲपवर दिसतं.

बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्याने नळांवर, टाइल्सवर जो पांढरा क्षार बसतो, तो या घरांतला सगळ्यात चिवट शत्रू. तो काढायला आम्लयुक्त द्रावण लागतं. तेच द्रावण संगमरवरी ओट्यावर किंवा उंबऱ्यावर सांडलं तर दगडाची चकाकी कायमची जाते, कारण संगमरवर मुळात कॅल्शियम कार्बोनेट आहे आणि आम्ल ते खातं. टीम घाईत असेल तर असं होतं. डाग पुसून जाईना, हाताला खरखरीत लागला, की ओळखावं. घरात संगमरवर कुठे आहे ते टीमला आधीच दाखवावं. काम सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर ओटा, बाथरूम, काचा यांचे फोटो काढून ठेवावेत. तक्रारीची मुदत अनेकदा चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तासांचीच असते, आणि नंतर काढलेल्या फोटोला कोणी विचारत नाही.

धुलाईच्या पॅकेजमध्ये भेटींच्या जागी किलो येतात. गफलत वेगळ्या ठिकाणी होते, हिशेब तोच.

समजा, महिन्याला २४ किलो धुवून-घडी घालून मिळतील आणि त्याचे १,८०० रुपये, म्हणजे किलोला ७५. सुटा दर ९० रुपये. उरलेले किलो पुढच्या महिन्यात जात नाहीत. खाली अट: दर पिशवी किमान पाच किलो धरली जाईल, वजन पुढच्या अर्ध्या किलोपर्यंत वाढवलं जाईल. एका महिन्यात घराने चार पिशव्या दिल्या, ३.४, ६.२, ४.१ आणि ५.६ किलोच्या. कपडे झाले १९.३ किलो. खात्यातून गेले ५, ६.५, ५ आणि ६, म्हणजे २२.५ किलो. दीड किलो महिनाअखेरीस बुडाले. आता हेच कपडे दोन मोठ्या पिशव्यांत, ९.६ आणि ९.७ किलोच्या, सुट्या दराने दिले असते तर प्रत्येकी दहा किलो धरून वीस किलोचे १,८०० रुपयेच झाले असते. पॅकेजने एक पैसाही वाचवला नाही. वाचवायचं असेल तर पिशव्या कमी आणि भरलेल्या द्याव्या लागतात, आणि महिन्याचा कोटा संपवावा लागतो.

म्हणून आधी एक महिना घरच्या काट्यावर कपडे मोजून पाहणं शहाणपणाचं. मोठी दुहेरी चादर पाऊण किलोच्या आसपास भरते, जीन्सची पँटही तेवढीच, अंगपुसणीचा जाड टॉवेल अर्धा किलो. तीन-चार चादरी आणि टॉवेल धुलाईला टाकले की कोटा भराभर संपतो. रोजचे सुती शर्ट आणि कुर्ते मात्र हलके असतात. उलटही खरं: चादरी घरीच मशीनमध्ये धुणाऱ्या घराला किलोवर घेतलेलं मोठं पॅकेज परवडत नाही, त्यांना नगावर इस्त्री करून देणारा कोपऱ्यावरचा इस्त्रीवालाच स्वस्त पडतो.

वजन कोरड्या कपड्यांचं, दारातच, ग्राहकासमोर व्हायला हवं. पावसाळ्यात दमट कपडे पिशवीत टाकले तर पाण्याचेही पैसे भरावे लागतात. व्यवसायासाठी वापरल्या जाणाऱ्या काट्यावर वैधमापन शास्त्र विभागाची पडताळणी आणि शिक्का असावा लागतो. पिशवी उचलणाऱ्याच्या हातातला छोटा लटकता काटा पाहून शंका आली तर घरच्या काट्यावरचं वजन आणि पिशवीतल्या कपड्यांची संख्या लिहून तिथेच संदेशाने कळवावी. ही नोंद हरवलेल्या कपड्याच्या वेळीही कामी येते. तिथली अट मात्र कडक असते: हरवलेल्या किंवा खराब झालेल्या कपड्याची भरपाई त्याच्या किमतीवर नाही, तर धुलाईच्या शुल्काच्या ठरावीक पटीत. सहाशे ग्रॅमच्या पैठणीची भरपाई किलोच्या दराने मोजली तर काय हाती लागेल, याचा अंदाज करता येईल. भारी साड्या आणि रेशीम किलोच्या पिशवीत टाकूच नयेत.

पॅकेज संपल्यावर आपोआप नव्याने सुरू होणं ही आणखी एक वेगळी गोष्ट. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं जारी केली. त्यात अशा तेरा रचनांची नावं आहेत, आणि रद्द करणं मुद्दाम अवघड ठेवलेली वर्गणी ही त्यातली एक. कार्डावरच्या आवर्ती वजावटीसाठी रिझर्व्ह बँकेचा नियमही आहे: पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी ग्राहकाला सूचना गेली पाहिजे आणि तिथून नकार देता आला पाहिजे. हा संदेश बँकेच्या जाहिरातींच्या गर्दीत हरवतो. यूपीआयच्या ॲपमध्ये ‘ऑटोपे’च्या यादीत जाऊन चालू परवानग्या पाहता येतात आणि बंदही करता येतात.

भांडण झालंच, तर पहिली पायरी कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी. ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने अठ्ठेचाळीस तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिनाभरात तिचं निवारण करायचं असतं. तक्रार फोनवर नको, लेखी हवी: कोणती भेट, कोणत्या तारखेला, कोणी रद्द केली, त्या दिवशी मोकळे स्लॉट दिसत नव्हते त्याचा स्क्रीनशॉट. कोथरूडच्या कुटुंबाने सप्टेंबरमध्ये भरलेल्या शनिवारांचा स्क्रीनशॉट काढून ठेवला असता, तर ‘तुम्ही वापरल्या नाहीत’ या उत्तराला तोच सगळ्यात मजबूत जबाब ठरला असता.

पुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, क्रमांक १९१५. तिथे प्रकरण कंपनीकडे पाठवून तडजोडीचा प्रयत्न होतो. आदेश देण्याचा अधिकार तिला नाही. तो जिल्हा ग्राहक आयोगाला आहे. २०१९ च्या कायद्याने ग्राहक आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करू शकतो, कंपनीचं कार्यालय बेंगळुरूत का असेना. पाच लाख रुपयांपर्यंतच्या सेवेसाठी दाखल शुल्क शून्य आहे. इथे एक बारकावा लक्षात ठेवावा. ‘हा करारच अन्याय्य आहे’ अशी तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही, ती राज्य आयोगाकडे जाते. सदोष सेवा आणि अनुचित व्यापारी प्रथा या मुद्द्यांवर मात्र जिल्हा आयोग निकाल देऊ शकतो. म्हणून अकरा हजारांच्या पॅकेजच्या वादात ‘मुदतीची अट अन्याय्य’ असं म्हणण्यापेक्षा ‘मागूनही स्लॉट दिला नाही, म्हणजे पैसे घेऊन सेवा दिली नाही’ असं म्हणणं जास्त सोयीचं. परतावा मागताना उरलेल्या भेटींवर भरलेला जीएसटीही मोजावा. कोथरूडच्या तीन भेटींचे २,४०० रुपये आणि त्यावरचे ४३२, असे एकूण २,८३२ रुपये होतात. तक्रार दाखल करायला, कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.